गोळी तीच, डोस तोच, तरी रक्तातली पातळी तिप्पट: थिओफायलिन देताना या चुका टाळा

दम्यात श्वासनलिका मोकळी ठेवणाऱ्या थिओफायलिनच्या विषबाधेचा केस पेपर मागून वाचत गेलं की पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते. डोस कुणीही वाढवलेला नसतो. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी त्याच वेळी, त्याच संख्येत चालू असते, आणि तरी रुग्णाला एका रात्री आकडी येते. मग सगळे विचारतात, "डोस तर तोच होता, मग झालं काय?" झालेलं असतं ते यकृतात. औषध शरीरात जाण्याचा वेग तोच राहिला, पण बाहेर पडण्याचा वेग निम्म्याहून कमी झाला, आणि हे होत असताना दर दिवशी कुणीतरी रुग्णाकडे पाहून गेलेलं होतं.

थिओफायलिनच्या उपयुक्त आणि घातक पातळीतलं अंतर फार अरुंद आहे. जुन्या पुस्तकांत उपयुक्त पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली अशी दिलेली असते. आता बहुतेक ठिकाणी १५ च्या वर जायचं टाळतात, आणि श्वास बरा असेल तर ५ ते १० वरही समाधान मानतात. २० ओलांडलं की त्रास वाढत जातो, ३० ओलांडलं की ती विषबाधाच समजायची. म्हणजे ज्या पातळीवर औषध चांगलं काम करतं, तिच्या दुपटीवर ते घातक ठरू शकतं. आणि पातळी दुप्पट व्हायला डोस दुप्पट करावा लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक: सिगारेट सुटल्याची नोंद कुणी करत नाही

"धूम्रपान: होय, रोज २० सिगारेट" एवढं दाखल होतानाच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि पुढे पंधरा दिवस तसंच राहतं. पण वॉर्डात आल्या क्षणापासून तो माणूस सिगारेट ओढत नसतो. त्याने ती सोडली नाही, परिस्थितीने सोडवली. यकृताला मात्र कारणाशी देणंघेणं नसतं.

थिओफायलिन मोडण्याचं मुख्य काम यकृतातलं सीवायपी-१ए-२ हे एन्झाइम करतं. तंबाखू जळताना धुरात जे हायड्रोकार्बन तयार होतात, ते शरीरात गेले की यकृत हे एन्झाइम जास्त बनवू लागतं. म्हणून ओढणाऱ्या माणसात थिओफायलिनचा निचरा, म्हणजे रक्त औषधापासून साफ होण्याचा वेग, न ओढणाऱ्याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट असतो. औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, न ओढणाऱ्या प्रौढात ८ तासांच्या आसपास असतं, ते ओढणाऱ्यात ५ तासांच्या जवळ येतं. अशा माणसाला पुरेशी पातळी गाठायला मोठा डोस लागतो, आणि डॉक्टरने तो योग्यच ठरवलेला असतो. धूर थांबला की जास्तीचं एन्झाइम दोन-चार दिवसांत ओसरू लागतं, आणि आठवड्याभरात निचरा ३५ ते ४० टक्क्यांनी खाली येतो. डोस मात्र धुराच्या काळातलाच राहतो.

इथे एक गैरसमज इतका रुजलेला आहे की तो स्वतंत्रपणे खोडावाच लागतो. एन्झाइम वाढवतो तो धूर. निकोटिन नव्हे. रुग्णाला निकोटिनचा पॅच लावला, च्युइंगम दिलं, म्हणून "त्याचं निकोटिन चालूच आहे, डोस बदलायची गरज नाही" असं म्हणणं चूक आहे. पॅच लावलेला माणूस या हिशोबात सिगारेट सोडलेलाच माणूस असतो. उलट, रोजच्या २० वरून १२ वर आलो असं कुणी सांगितलं, तर लगेच डोस कापायची घाई नको. थोड्या सिगारेटनेही एन्झाइम बऱ्यापैकी वाढलेलं राहतं. खरा फरक पडतो तो पूर्ण थांबल्यावर.

यावर उपाय साधा आहे, पण तो सवयीचा भाग व्हायला हवा. "ओढता का?" हा प्रश्न अपुरा आहे. "शेवटची सिगारेट कधी ओढली?" असं विचारायचं, आणि तारीख व वेळ औषधांच्या तक्त्यावर थिओफायलिनच्या ओळीशेजारीच लिहायची. व्यसनांच्या रकान्यात लिहिलेली तारीख डोस देताना कुणाच्या नजरेला पडत नाही. पूर्ण बंद झालं असेल, तर डोस एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कमी करायचा, चौथ्या दिवशी एकदा आणि आठवडा भरल्यावर पुन्हा पातळी पाहायची.

त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन

धूम्रपान थांबणं हा एक धक्का. दुसरा धक्का बहुतेक वेळा आपणच देतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सीवायपी-१ए-२ला अडवतं. सरासरीने थिओफायलिनचा निचरा ३० टक्क्यांच्या आसपास घटतो आणि पातळी ४० टक्क्यांच्या आसपास वाढते. पण हे सरासरीचं बोलणं झालं. काही रुग्णांत वाढ याहून खूप जास्त होते, आणि कोणात होईल हे आधी सांगता येत नाही. धूम्रपान थांबण्याचा परिणाम हळूहळू उतरतो, याचा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सुरू होतो. कारण इथे एन्झाइम कमी व्हायची वाट पाहावी लागत नाही, असलेलंच एन्झाइम अडवलं जातं. गोळी असो की शिरेतून दिलेलं, अडवणूक होतेच.

शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन स्वतःच मेंदूला आकडीच्या जवळ नेतं. मेंदूतल्या लगाम घालणाऱ्या 'गाबा' या रसायनाच्या कामात ते आडवं येतं. थिओफायलिन दुसऱ्या बाजूने ॲडेनोसिनचा लगाम काढून घेतं. म्हणून या जोडीत पातळी फार चढलेली नसतानाही आकडी येऊ शकते. 'पातळी २२च आहे, त्याने एवढं होणार नाही' हा दिलासा इथे चालत नाही.

आता हिशोबच मांडू. रुग्ण ६२ वर्षांचा, वजन ६० किलो, सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार, रोज २० सिगारेट. संथ सुटणारी थिओफायलिनची ४०० मिलिग्रॅमची गोळी सकाळी ८ आणि रात्री ८. एक सूत्र पुरेसं आहे: स्थिर पातळी म्हणजे ताशी डोस भागिले ताशी निचरा. दिवसाला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे ताशी ३३ मिलिग्रॅम. ओढणाऱ्या माणसात निचरा किलोमागे ताशी ०.०६ लिटर धरला, तर ६० किलोला ३.६ लिटर. भागाकार केला की पातळी येते ९.३. उत्तम. श्वास बरा, त्रास काही नाही. डॉक्टरने डोस नीटच बसवला होता.

छातीत कफ वाढला, ताप आला, म्हणून दाखल झाला. सिगारेट बंद. आठवड्याभरात निचरा ३८ टक्क्यांनी उतरून २.२ लिटरवर येतो, आणि तोच डोस आता पातळी १५ वर नेतो. अजून सीमेच्या आत आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दरम्यान कफाच्या तपासणीत स्युडोमोनास हा जंतू निघाला, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू होतं. निचरा आणखी ३० टक्के घटून १.५६ लिटर, पातळी २१. त्यातच ताप आहे, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे, पाय सुजले आहेत. तापात आणि हृदय थकलेलं असताना यकृत थिओफायलिन मोडायला आणखी मंद होतं. त्याचे आणखी पाव भाग वजा धरले, तर निचरा १.१७ लिटर, पातळी २८.

९ वरून २८. गोळी तीच. आणि यातली एकही घटना वेगळी काढून पाहिली तर भयानक वाटत नाही. वॉर्डात हे रोज होतं. म्हणूनच ते निसटतं.

अर्धायुष्याचं काय झालं तेही पाहा. थिओफायलिन शरीरात किलोमागे अर्धा लिटर जागेत पसरतं, म्हणजे या माणसात ३० लिटरमध्ये. दाखल होण्याआधी अर्धायुष्य ६ तासांच्या आत होतं, आता ते १८ तासांच्या जवळ गेलं आहे. त्यामुळे पातळी एका दिवसात उसळत नाही, तीन-चार दिवस चढत राहते. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केल्याच्या दुसऱ्या सकाळी पातळी पाहून "ठीक आहे" असा शेरा मारणं, ही याच हिशोबातली पुढची चूक. त्या सकाळचा आकडा अजून वाटेत असतो.

मग काय करावं? पहिली गोष्ट, सिप्रोफ्लॉक्सासिनच हवं का, हे विचारायचं. छातीच्या साध्या संसर्गाला डॉक्सिसायक्लिन, ॲमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन यांतलं काही चालत असेल, तर या भानगडीत पडूच नये. ती थिओफायलिनची पातळी वाढवत नाहीत. त्याच घरातलं लेव्होफ्लॉक्सासिन निचऱ्यावर फारच कमी परिणाम करतं, आकडीचा धोका मात्र त्यालाही आहेच. पर्याय निवडताना ॲझिथ्रोमायसिनच्या जागी सहज क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहू नये. ती दोन्ही पातळी वाढवतात, क्लॅरिथ्रोमायसिन साधारण २५ टक्क्यांनी आणि एरिथ्रोमायसिन ३५ टक्क्यांनी.

सिप्रोफ्लॉक्सासिनला पर्याय नसेल, तर पहिल्या डोसबरोबरच थिओफायलिन एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करायचं. पातळी वाढल्यावर नाही, आधी. वरच्या रुग्णात ४०० ऐवजी २०० मिलिग्रॅम दोनदा दिलं असतं, तर ताशी डोस १६.७ मिलिग्रॅम झाला असता आणि सगळे धक्के धरूनही पातळी १४ च्या आसपास राहिली असती. एवढी एक ओळ केस पेपरवर हवी होती. सीओपीडीत थिओफायलिन काही दिवस पूर्ण थांबवलं तरी बहुतेक वेळा बिघडत नाही, कारण वॉर्डात नेब्युलायझर आणि स्टेरॉइड चालूच असतात. "जुनं औषध आहे, कशाला बंद करायचं" या आळसापायी ते चालू राहतं, हे खरं दुखणं आहे.

सुरुवातीच्या खुणांना दुसरीच कारणं जोडणं

त्याच रुग्णाचे दिवस पुढे नेऊ. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला मळमळ सुरू होते, जेवण नको वाटतं. कागदावर येतं, "अँटिबायोटिकमुळे पित्त", आणि पँटोप्रॅझोल लिहिलं जातं. चौथ्या रात्री त्याला झोप लागत नाही, तो उठून बसतो, चादर ओढत राहतो. रात्रीची नर्स "अस्वस्थ" लिहिते, सकाळी कुणी ते वाचत नाही. हात थरथरतात, तर नेब्युलायझरमधल्या साल्ब्युटामॉलवर ढकललं जातं. पाचव्या दिवशी नाडी १२४, तर "दम लागतोय ना". चार खुणा, चार वेगळी कारणं, आणि प्रत्येक कारण वेगळं पाहिलं तर पटण्यासारखं. चारही एका ओळीत लिहून पाहिल्या असत्या तर नाव एकच निघालं असतं.

या खुणा वेगळ्या कशा ओळखायच्या, ते नीट सांगण्यासारखं आहे. थिओफायलिनची उलटी पोटातून सुरू होत नाही. औषध मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं. थिओफायलिनचंच शिरेतून द्यायचं रूप असलेल्या ॲमिनोफायलिननेही उलट्या होतात, ते यामुळेच. म्हणून पित्ताच्या गोळीने फरक पडत नाही आणि जेवणाशी तिचा फारसा संबंध दिसत नाही. पातळी चढलेल्या माणसाची मळमळ दिवसागणिक वाढते आणि वास, पाणी, कशानेही उफाळते. उलटीवर उपाय म्हणून सिमेटिडिन देणं तर आगीत तेल ओतणं आहे, ते पातळी ७० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतं. फॅमोटिडिनचा तसा परिणाम नाही.

थरथरीचं निदान वेळेवरून करायचं. साल्ब्युटामॉलची थरथर नेब्युलायझरनंतर काही मिनिटांत येते आणि काही तासांत ओसरते. म्हणून रुग्णाला नेब्युलायझर देण्याच्या आधी, मागचा डोस देऊन चार-पाच तास झालेले असताना, हात समोर पसरायला सांगायचे आणि बोटांवर एक कागद ठेवायचा. तेव्हाही कागद फडफडत असेल आणि कालच्यापेक्षा जास्त फडफडत असेल, तर साल्ब्युटामॉलला दोष देणं थांबवायचं. कपातलं पाणी सांडतंय का, सही बदलली आहे का, हे नातेवाइकांना विचारलं तर ते नेमकं सांगतात.

नाडीचा आकडा एकटा पाहू नये. दम ओसरतोय, ऑक्सिजन सुधारतोय, ताप उतरलाय आणि नाडी मात्र चढतेय, अशी उलटी दिशा दिसली की ईसीजी काढायचा आणि थिओफायलिनचा पुढचा डोस थांबवायचा. सीओपीडीच्या माणसात ईसीजीवर वेगवेगळ्या आकाराच्या पी लहरी आणि अनियमित जलद ठोके दिसले, तर ते फुप्फुसाच्या आजाराचं म्हणून सोडून देऊ नये. थिओफायलिननेही नेमकं तेच होतं. पोटॅशियम त्याच वेळी पाठवायचं. थिओफायलिन, साल्ब्युटामॉल, स्टेरॉइड आणि सूज उतरवणारं औषध, हे चौघे मिळून ते खाली खेचतात, आणि कमी पोटॅशियममध्ये हृदयाचा ठोका अधिकच बिघडतो.

डोकेदुखी, चिडचिड, वारंवार लघवी, छातीत जळजळ याही खुणा आहेत. त्या सौम्य आहेत म्हणून दुर्लक्ष करायचं नाही, आणि त्या नाहीत म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही.

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. पुष्कळ नवशिके, आणि काही जुनेही, असा क्रम धरून चालतात: आधी मळमळ, मग थरथर, मग धडधड, मग आकडी. जणू शरीर पायरी-पायरीने इशारे देत जाईल आणि आपल्याला वेळ मिळेल. असं होईलच याची खात्री नाही. विशेषतः म्हाताऱ्या माणसात, जिथे पातळी दिवसेंदिवस हळूहळू चढलेली असते, तिथे पहिली खूण थेट आकडीच असू शकते. एकदम मूठभर गोळ्या गिळणाऱ्या तरुणात पातळी ८०-१०० वर जाऊनही तो कधी कधी बोलत बसलेला असतो, आणि हळूहळू साचलेल्या म्हाताऱ्यात ३०-४० वरही हृदय किंवा मेंदू बिघडतो. म्हणून नंतरच्या माणसाचा आकडा पहिल्याच्या फुटपट्टीने मोजायचा नाही.

संशय आला की क्रम असा ठेवावा: पुढचा डोस थांबवा, रक्त पाठवा, मॉनिटर लावा, पोटॅशियम आणि साखर पाहा. रिपोर्टची वाट पाहत रात्रीची आठची गोळी देऊन टाकणं अक्षम्य आहे. एक डोस चुकल्याने नुकसान होत नाही, एक डोस दिल्याने होऊ शकतं. संथ सुटणारी गोळी असेल तर पोटात शिल्लक असलेलं औषध अजून रक्तात येत राहतं, म्हणून पहिला रिपोर्ट कमी आला तरी दर ४ ते ६ तासांनी पातळी पुन्हा पाहायची, ती उतरायला लागली असं दोनदा दिसेपर्यंत. सक्रिय कोळसा पुन्हा पुन्हा देण्याचा फायदा इथे दुहेरी आहे, तो पोटातलं औषध धरतो आणि रक्तातलंही आतड्यात ओढून घेतो. पण उलट्या होणाऱ्या, गुंगीतल्या माणसाला श्वासमार्ग सुरक्षित केल्याशिवाय तो पाजायचा नाही.

आकडी आलीच तर लोराझेपाम किंवा डायझेपाम, न थांबल्यास फेनोबार्बिटल. हाताशी असलेली फेनिटॉइन चढवण्याची सवय इथे सोडावी लागते, थिओफायलिनच्या आकडीत तिचा उपयोग होत नाही. आकडी, घातक ठोके किंवा रक्तदाब ढासळणं, यांतलं काहीही झालं तर आकड्याची वाट न पाहता डायलिसिस करू शकणाऱ्यांना फोन करायचा. त्याशिवाय, एकदम घेतलेल्या जास्त डोसमध्ये पातळी १०० च्या वर, हळूहळू साचलेल्या विषबाधेत ६० च्या वर, आणि साठीपुढच्या माणसात ५० च्या वर गेली तरी डायलिसिसचा विचार करतात.

रक्त कधी काढलं, हे न लिहिणं

घड्याळाशिवाय आलेल्या पातळीच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. बारा तासांच्या संथ गोळीत सकाळी आठला डोस दिला, तर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान काढलेलं रक्त वरची पातळी सांगतं. सकाळी सात वाजता, बाकीच्या तपासण्यांबरोबर सोयीने काढलेलं रक्त खालची पातळी सांगतं. खालची ९ आली, "कमी आहे" म्हणून डोस वाढवला, आणि दुपारची खरी पातळी १४ होती, हे कुणाला कळलंच नाही, असं सर्रास होतं. त्यात वरच्या टोकाला एन्झाइम भरत आल्यासारखं वागतं, म्हणून थोडा डोस वाढवला तरी पातळी प्रमाणापेक्षा जास्त उसळू शकते. एका वेळी पाव भागाहून जास्त वाढ करू नये, आणि बदलानंतर किमान तीन दिवस थांबल्याशिवाय नवी पातळी पाहू नये. तीन दिवसांत एखादा डोस चुकला असेल, तर मोजणी पुन्हा सुरू.

रिपोर्टचं एककही वाचा. काही प्रयोगशाळा मायक्रोमोल प्रति लिटर देतात, आणि त्यात १० मायक्रोग्रॅम म्हणजे ५५. ५५ पाहून घाबरलेले आणि ११० पाहून न घाबरलेले, दोन्ही प्रकारचे लोक आहेत.

डॉक्सोफायलिन घेणाऱ्याची थिओफायलिन पातळी पाठवणं

ही चूक साधी दिसते, पण खोटा दिलासा देते. डॉक्सोफायलिनचं शरीरात थिओफायलिन होत नाही. ते थिओफायलिनच्याच घरातलं, पण वेगळं औषध आहे आणि वेगळ्या पदार्थांत मोडतं. त्यामुळे "थिओफायलिन पातळी: नगण्य" असा रिपोर्ट आला, तर त्यातून डॉक्सोफायलिनबद्दल काहीच कळत नाही. त्याची पातळी मोजायला वेगळी, क्रोमॅटोग्राफीची तपासणी लागते आणि ती रोजच्या प्रयोगशाळेत नसते. मग हाती उरतं काय? रुग्ण. नाडी, झोप, मळमळ, थरथर, पोटॅशियम.

डॉक्सोफायलिन ॲडेनोसिनच्या जागांना कमी चिकटतं, म्हणून धडधड आणि झोपमोड कमी, आणि धूम्रपानाने त्याच्यात होणारा फरकही थिओफायलिनइतका ठळक नाही. यावरून "हे सुरक्षित, याला काही होत नाही" असं धरून चालणं बरोबर नाही. जास्त डोसमध्ये ठोके बिघडणं आणि आकडी यालाही चुकत नाही, आणि यकृत थकलेल्या माणसात ते साचतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि एरिथ्रोमायसिनबरोबर जपून द्यावं, असं त्याच्या माहितीपत्रकांतही असतं. सगळ्यात वाईट म्हणजे घरचं थिओफायलिन चालू असताना वॉर्डात डॉक्सोफायलिन ४०० मिलिग्रॅम जोडणं, किंवा दमा वाढला म्हणून ॲमिनोफायलिनचा सुरुवातीचा मोठा डोस शिरेतून ढकलणं. ॲमिनोफायलिनचा साधारण ८० टक्के भाग थिओफायलिनच असतो, आणि किलोमागे १ मिलिग्रॅम थिओफायलिन पातळी २ ने वर नेतं. "घरी कोणती दम्याची गोळी घेता?" हे विचारून, पाकीट हातात घेऊन, मगच सिरिंज भरावी.

संथ गोळी चुरून नळीतून देऊ नये. बारा तासांचा डोस एकदम सुटतो. घ्यायची राहून गेली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट गोळी घेऊ नये.

घरी पाठवताना उलटा हिशोब विसरणं

वॉर्डात कमी केलेला डोस घरी तसाच लिहून देतात, आणि महिन्याभराने रुग्ण दम वाढून परत येतो. सिप्रोफ्लॉक्सासिन संपलं की एक ते तीन दिवसांत अडवणूक संपते आणि पातळी आपोआप उतरू लागते. आपल्या रुग्णात ताप गेला, सूज उतरली, अँटिबायोटिक संपलं, सिगारेट मात्र बंदच आहे. निचरा २.२ लिटर. त्याला ३०० मिलिग्रॅम दोनदा दिलं, तर ताशी २५ मिलिग्रॅम आणि पातळी ११. हाच डोस लिहायचा, जुना ४०० नाही आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना द्यायचा २०० ही नाही. आठवड्याने पातळी.

आणि एक गोष्ट त्याच्याशी स्पष्ट बोलायची. घरी जाऊन त्याने पुन्हा रोज २० सिगारेट सुरू केल्या, तर हाच डोस पातळी ७ वर आणेल आणि त्याला वाटेल की डॉक्टरने गोळी कमी केली म्हणून दम वाढला. मग तो स्वतःच जुन्या पाकिटातली ४०० ची गोळी काढेल, आणि पुढे कधी पुन्हा सिगारेट सोडली की २८ चा रस्ता मोकळा. म्हणून ओढायला सुरुवात केली तर लपवू नका, आणि सोडली तरी त्याच आठवड्यात कळवा, हे त्याच्या बायकोसमोर किंवा मुलासमोर सांगायचं, जुनं पाकीट त्यांच्याकडून मागून घ्यायचं, आणि डिस्चार्ज कार्डवर गोळीच्या नावाखालीच लिहायचं: "हा डोस सिगारेट बंद असताना. सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून देण्यापूर्वी विचारा."